दस्तगीर मास्तरांचा आठवा साचा

विजापूर वेशीजवळच्या मोहल्ल्यात मानूस मेला की चाळिसाव्याला त्येच्या नावाची पुस्तिका निघती. हिरवं कव्हर, आत कुरानातली सूरे यासीन, सूरे बकराच्या शेवटच्या दोन आयती, खाली मराठीत अर्थ, आन मागच्या पानावर मेलेल्याचं नाव. वाचनाऱ्याचं पुन्य मेलेल्याला पोचतं म्हनत्यात. पोचत असंलच, फकस्त कुनाचं कुनाला पोचतं त्ये इचारू नये, कारन पुस्तिका एकच हाय. धा वर्सांमागं कुनीतरी एकदा जुळवली, तवापास्नं निस्तं नाव बदलायचं. जित्तेपनी ज्येंचं एकमेकाशी पटलं न्हाई त्ये समदे मेल्यावर एकाच पुस्तकात जाऊन बसले. लई सोय झाली.

दस्तगीर मास्तरांची बी तशीच निघनार हुती. चाळिसाव्याला चार दिवस ऱ्हायले हुते. त्येंचा पुतन्या मुज्जम्मिल नव्या पेठेतल्या संगमेशच्या छापखान्यातनं प्रूफ घिऊन आला आन चुलतीपुढं टाकलं.

"चाची, बघून घे. म्हंजे बघितल्यासारखं कर. सही मीच करतो."

मलनबी इद्दतीत हुती. नवरा गेला की बाईनं चार म्हैने धा दिवस घराबाहेर पडायचं न्हाई, तसा रिवाज. तशी ती ह्याच्याआदी बी कुटं लई फिरलेली न्हाई. घरातल्या दोन खोल्या, मधी निळा पडदा. पडद्याच्या पुढं मास्तरांचा वर्ग, पडद्याच्या मागं तिची विडी. अडतीस वर्सं ती पडद्यामागं सूप मांडीवर घिऊन बसली आन रोज हजार विड्या वळल्या. तिला शिकलेली कोन म्हनंल? उर्दू अक्षर अक्षर लावून वाचायची, मराठी दुकानाच्या पाट्यापुरतं.

"वाचून दाखव की," ती म्हनाली.

मुज्जम्मिलनं मागचं पान आदी वाचलं. "मरहूमा दस्तगीर..."

"मरहूमा? ते तर मेलेल्या बाईला म्हनत्यात."

"आगोदरची एक बाई हुती वाटतं. काना काडाय सांगतो." तो हासला. "येवडंच हाय, चाची. बाकी सगळं पास झालेलं हाय."

पास झालेलं हाय! कुनी पास केलं? आदीच्या मेलेल्यांनी?

दस्तगीर मास्तर हे काय मोठं नाव न्हवं. सकाळी चादरीच्या कारखान्यात मागावर, तिनाला सुट्टी, आन दुपार कलल्यावर असरच्या नमाजनंतर पुढच्या खोलीत अरबीची सरफ शिकवायची. सरफ म्हंजे शब्द कसा फिरतो त्येचं शास्तर. मोहल्ल्यात हाफीज लई, कुरान पाठ म्हननारे लई. पन आपन काय म्हनतोय त्ये कळावं ही हौस फार थोड्याला. मास्तरांकडं कवा सात पोरं असायची, कवा दोन. एकदा वर्सभर एकच हुता, तोबी चप्पल इसरायला येत हुता आसं मलनबीला वाटायचं.

मदरशातनं शिकलेले लोक साच्यांची मोठी मोठी नावं घेत्यात. मास्तर बोटं मोजायचे. तीन अक्षरांचं मूळ, त्ये पयलं बोट. मग त्येच मूळ नऊ साच्यांत घालायचं, मिळून धा. "सूत तेच," त्ये म्हनायचे, "पन साचा बदलला की अल्लानं वेगळंच सांगितलंय. साचा न बघता अर्थ सांगनारा मानूस म्हंजे डोळं मिटून रस्ता वलांडनारा."

आन हे सगळं वर्गापुरतं असतं तर बरं. पन त्येंनी घर बी सोडलं न्हाई. एकदा मलनबीच्या हातनं कप पडला. ती म्हनाली, "फुटला."

पडद्यापलीकडनं आवाज, "कसा फुटला?"

"पडला आन फुटला."

"सातवं बोट! इन्कसरा! आपोआप फुटला! कपाला जिवाचा कंटाळा आला हुता काय? पयलं बोट म्हन, कसरतु, मी फोडला."

पोरं फिदीफिदी. तवा तिनं उरल्याली बशी उचलून भितीवर आपटली आन म्हनाली, "आता हे घ्या. ह्येला काय म्हनायचं?"

"कस्सरा," मास्तर एकदम खूस. "दुसरं बोट. मधलं अक्षर दुप्पट झालं, म्हंजे चक्काचूर केला. बघा रे, तुमच्या चाचीला आलं!"

बशीचं काय, ती गेली ती गेलीच.

जेवताना बी तेच. तिनं चार भाकरी एकदम ताटात टाकल्या की म्हनायचे, "अन्जल नगं करूस, नज्जल कर." कुरानात एका आयतीत दोन्ही हायत. ही किताब 'नज्जला', दुसऱ्या साच्यात, म्हंजे थोडी थोडी, वर्सानुवर्सं उतरवली. आदीच्या किताबा, तौरात आन इंजील, 'अन्जला', चवथ्या साच्यात, म्हंजे एकदम. आता अल्लानं किताब कशी उतरवली त्येचा आन ज्वारीच्या भाकरीचा काय संबंध? पन भाकरी गरम मिळायची मातुर एकेकच.

नातेवाइकांना बी त्येंनी साच्यात बसवून टाकलं हुतं. मशिदीच्या कमिटीचे हाजी लाडलेसाब म्हंजे सहावं बोट, तजाहुल. जहिला म्हंजे न कळनं, तजाहला म्हंजे कळत असून न कळल्याचं सोंग. मास्तरांनी वर्गासाठी मशिदीतली रिकामी खोली मागितली हुती. हाजीसाब अकरा वर्सं "कुटली खोली?" म्हनत ऱ्हायले. तिथं कमिटीच्या जुन्या सतरंज्या ऱ्हायच्या. सतरंज्यांना जागा लागतीच की. आन पुतन्या मुज्जम्मिल म्हंजे पाचवं बोट. मुज्जम्मिलचा मूळ अर्थच सोताला गुंडाळून घेनारा. "नाव पैगंबरांचं," मास्तर म्हनायचे, "पन ह्येनं अर्थ तेवडा उचलला. काम निगालं की चादर वडून घेतो." राग आला की सोताचाच कान धरून म्हनायचे, "बघ, इहमर्रा, नववं बोट, लाल पडलो." नववा साचा फकस्त रंगाला आन अंगातल्या व्यंगाला. "रागाला आल्याला मानूस म्हंजे रंगच की," म्हनून आपनच हासायचे. मग धाव्या बोटावर यायचे. गफरा म्हंजे माफ केलं, इस्तगफरा म्हंजे माफी मागितली. "धावं बोट मागन्याचं. मलन, मी धाव्या बोटावर हाय, तू पयल्यावर ये."

तिसऱ्या बोटासाठी त्येंनी तिला एक आयत शिकवली हुती. "इस्बिरू व साबिरू." पयलं म्हंजे सबुरी धरा. दुसरं तिसऱ्या साच्यातलं, म्हंजे समोरच्यापेक्षा जास्ती सबुरी धरा, त्येला दमवा. "नुस्ता सबर मेंढरं बी करत्यात," त्ये म्हनायचे.

तर असा मानूस. मेला तवा कारखान्यातनं कोन आलं न्हाई, कारखाना बंद पडून सात वर्सं झाली हुती.

मुज्जम्मिलनं आता शेवटची आयत वाचायला घेतली. अरबी त्यो झरझर म्हनला, त्येला पाठ हुतं. "लहा मा कसबत व अलैहा मक्तसबत." मग खालचं मराठी, "त्या जिवानं जे कमावलं ते त्याचं, आणि जे कमावलं ते त्याच्यावर."

"परत वाच."

त्येनं परत वाचलं.

"दोन्हीकडं कमावलंच हाय?"

"हौ की. चांगलं कमावलं तर फायदा, वाईट कमावलं तर तोटा. सोपं हाय."

 मलनबीनं प्रूफ त्येच्या हातातनं घेतलं, घडी घातली आन सूपाखाली ठिवली.

"हे छापायचं न्हाई."

हितं मागचं एक सांगाय पायजे.

एकतीस वर्सांमागं मलनबीला एक पोरगी हुती, जैतून. तीन वर्सांची. एका सकाळी अंग तापलं. त्या दिवशी विड्या कंपनीच्या ब्रँचला द्यायच्या हुत्या, चारशे कमी हुत्या, न्हाई दिल्या तर पुढची पत्ती, विडीची पानं, मिळत न्हाई. मलनबीनं पोरीला गोळी दिली, ओली पट्टी ठिवली, आन सूप मांडीवर घेतलं. शेजारची रंभाबाई म्हनाली, "दवाखान्यात ने की." ती म्हनाली, "येवड्या वळून हुतात तवर." चारशे विड्या झाल्या. दवाखान्यात पोचली तवा डाक्टर म्हनाला, सकाळी आनायची हुती. दिवस मावळायच्या आत पोरगी गेली.

लोकं लई चांगली असत्यात. एक बाई भेटाय आली आन म्हनाली, "अल्लाची मर्जी, पन आईनं लक्ष द्याय पायजे हुतं." दुसरी म्हनाली, "विड्या काय पळून जात हुत्या?" तिसरीनं फकस्त सूपाकडं बघितलं. मलनबीनं जेवन सोडलं. मास्तरांशी बोलनं सोडलं. तिनं मनात पक्कं केलं हुतं की वरती तिच्या वहीत येकच ओळ हाय.

आठव्या दिवशी मास्तर पडद्याच्या ह्या अंगाला आले. वर्ग सोडून कवा येत नसायचे. हातात किताब न्हवती. खाली बसले आन तिच्या हाताचं आठवं बोट धरलं.

"लहा मा कसबत," म्हनाले. "जिवाच्या बाजूनं काय? कसबत. पयलं बोट. साधं. हातनं चांगलं घडलं, ठरवून घडलं का सहज घडलं, तुझं. आता अलैहा, जिवाच्या अंगावर काय? कसबत म्हनायला अल्लाला काय शब्द कमी पडला हुता? न्हाई म्हनला. इक्तसबत म्हनला, मागच्या 'मा'त मिसळून म्हनताना मक्तसबत हुतं. काफ आन सीन ह्या अक्षरांच्या मधी 'ते' हे अक्षर घातलं. आठवं बोट. ह्या साच्यात मानूस काम सोताकडं वडतो, कंबर बांधतो, जोर लावतो. म्हंजे अंगावर चढतं ते नुस्तं झालेलं न्हवं. अंगावर घेतलेलं. मलन, तू त्या पोरीला मारायला कंबर बांधली हुतीस का?"

तिनं मान आडवी हालवली.

"मग ते तुझ्यावर न्हाई. हे मी म्हनत न्हाई. 'ते' म्हनतो," आन त्येंनी बोटानं हवेत एक 'ते' काढला, अरबीतला, वर दोन टिंबं असल्याला.

त्या दिवशी तिनं अर्धी भाकरी खाल्ली. एकतीस वर्सं ती त्या दोन टिंबांवर जगली म्हना की. आन आता तिच्याच नवऱ्याच्या नावानं पाचशे घरांत जानार काय? कमावलं आन कमावलं.

मुज्जम्मिलला ह्यातलं काय ठाव न्हवतं. त्यो जन्माला बी आला न्हवता. त्यो हाजीसाबांकडं पळाला. सांजच्याला हाजी लाडलेसाब आन मशिदीचे तरुन मौलाना जाबिर पुढच्या खोलीत येऊन बसले, जितं मास्तर बसायचे तिथंच. मलनबी पडद्याच्या मागं. मोहल्ल्यातली सगळ्यात जुनी इद्यार्थिनी आपल्या रोजच्या जाग्यावर.

"भाभी," हाजीसाबांनी गळा भरून आनला, "दस्तगीरभाई म्हंजे आमच्या कमिटीचा खांब. पुस्तिकेत मी सोता दोन पानं लिवलीत त्येंच्यावर. किती तळमळ, किती सेवा! मी तर म्हनायचो, ह्येंना मशिदीत खोली द्या."

"कुनाला म्हनायचात?" पडद्यामागनं.

"आँ?"

"खोली द्या म्हनून. कुनाला म्हनायचात, हाजीसाब? अध्यक्ष तर तुमीच हुता."

हाजीसाबांनी चहाचा कप उचलला. सहावं बोट कुटं जात न्हाई.

मौलाना जाबिर बरा मानूस हुता. त्येनं हळू इचारलं, "चाची, तर्जुम्यात, ह्या मराठी अर्थात, नेमकं काय खटकलं?"

"साचा खाल्ला."

"कुटला?"

"आठवा. अरबीत एका जागी कसबत हाय, दुसऱ्या जागी इक्तसबत. मराठीत दोनीकडं येकच भांडं उपडं घातलंय."

 मौलानानं मान वर केली. "कसबाचा आठवा तुमाला येतो?"

पडद्यामागनं आठव्याची सगळी रूपं विडी वळल्यासारखी सरळ आली, "इक्तसबा, यक्तसिबु, इक्तिसाबन, फहुवा मुक्तसिबुन."

हाजीसाबांच्या बशीत चहा सांडला. मुज्जम्मिल भितीकडं बघाय लागला.

मौलाना आता नीट बसला. "चाची, बरोबर हाय. पन उलेमांत दोन मतं हायत. काही म्हनत्यात फरक हाय, वाईटाला जोर लागतो म्हनून आठवा. काही म्हनत्यात दोन्ही सारखे. कुरानात दुसरीकडं 'बला मन कसबा सय्यिअतन' आलंय. तितं वाईटालाच कसबा, पयला साचा. मग?"

"ते बी मला ठाव हाय. त्येंनीच सांगितलं हुतं. म्हनायचे, मलन, दोन मतं हायत, लपवून ठिवायचं न्हाई. पन एकाच ओळीत, चार शब्दांच्या अंतरावर, साचा बदलला. दुसरीकडंचं दुसरीकडं बघू. हितं बदललाय का न्हाई?"

"बदललाय."

"मग मराठीत बी बदलू द्या. मतं दोन हायत, तर वाचनाऱ्याला दोन शब्द तरी दिसू द्या. मग त्यो कुटलं बी मत धरू दे. तुमी एकच शब्द दिलात म्हंजे एक मत त्येच्या आदीच गिळलं."

मौलाना हासला, पन चेष्टेनं न्हवं. "हे मात्र खरं." मग म्हनाला, "पन माझी एक अट हाय. तर्जुम्यात वरनं शब्द घालायचे न्हाईत. 'सहज घडलं तरी' आन 'कंबर बांधून' हे तफसीर झालं, अर्थ लावनं. आयतीखाली लिवायचं तर आयतीत जेवडं हाय तेवडंच. एका शब्दाच्या जागी एक शब्द. तुमच्याकडं हाय का तसला मराठी शब्द?"

मलनबीकडं न्हवता.

"परवा छापायला जायला पायजे," मुज्जम्मिल म्हनाला. "शब्द न्हाई मिळाला तर हाय तेच जाईल. चाची, लोक वाचत बी न्हाईत ह्यो भाग."

"तू वाचतोस का?"

"मी प्रूफ वाचतो."

"म्हनूनच 'मरहूमा' राहिलं."

दुसऱ्या दिवशी मुज्जम्मिलचा फोन बंद. चादर वडून घेतली. सूपाखालचं प्रूफ कुनी नेईना. दुपारला छापखान्याचा संगमेश सोताच सायकलवर आला. लिंगायताचा पोरगा, नव्या पेठेत आजोबापास्नं छापखाना. अरबीची पानं त्यो कवा जमिनीवर ठेवायचा न्हाई, टेबलावर कापड टाकून त्येच्यावर. मास्तरांनी त्येच्या वडिलांना एकदा सांगितलं हुतं, तवापास्नं.

"काकू, मी बाहेरच बसतो," पडद्याच्या पुढं सतरंजीवर बसून त्यो म्हनाला. "मशीन उद्या सकाळी लावायचंय. कुटला शब्द बसवायचा सांगा, मी हितंच मोबाइलवर लिवून घेतो."

"तुला काय कळनार, बाबा, कुरानातलं?"

"कुरानातलं न्हाई कळत. मराठीतलं कळतं, दिवसभर तेच जुळवतो. अडचन सांगा की."

तिनं सांगितली. आठव्या साच्याचं, मधल्या 'ते'चं. पन पोरीचं न्हाई. संगमेशनं मान हालवत ऐकलं, कन्नडात आपल्याशी काय तरी पुटपुटला.

"म्हंजे सोतासाठी केलेलं. सोताकडं वडलेलं. मग 'मिळवलं'?"

"मिळवलं तर बक्षीस वाटतं."

"'कमावून घेतलं'?"

"ते तर शाबासकीच झाली."

"'केलं'?"

"केलं म्हंजे पयलंच बोट."

"'करून घेतलं'?"

मलनबी थांबली. "काय म्हनलास?"

"करून घेतलं. पन त्ये दुसऱ्याकडनं करून घेतल्यागत वाटतं, न्हवं?"

"शेवटचा शब्द. घेतलं." तिच्या मांडीवर सूप न्हवतं, तरी हात वळत हुते. मास्तर एकदा एका मराठी शाळंतल्या पोराला सांगत हुते, तिला आत्ता आठवलं. 'आठवा साचा म्हंजे तुमच्या मराठीतलं घेनं रे. उचललं न्हवं, उचलून घेतलं.' तिनं तवा फकस्त विडीचा दोरा तोडला हुता. "संगमेश, शेवटी 'घेतलं' पायजे. आदी काय लावायचं ते बघ. वाईटाचं. जे मानूस आपल्या पायानं चालत जाऊन..."

"ओढवून," संगमेश म्हनाला.

"काय?"

"ओढवून घेतलं. माझी आई रोज म्हनती मला. पावसात गेलो आन ताप आला तर म्हनती आला. मुद्दाम भिजलो तर म्हनती, ओढवून घेतलंस."

 संगमेशला वाटलं काकूला राग आला, आपल्या आईचं उदाहरन कुरानाला देऊ नये हुतं. त्यो उठाय लागला.

"बस खाली," ती म्हनाली. "वाच आता पुरं."

"त्या जिवानं जे कमावलं ते त्याचं, आणि जे ओढवून घेतलं ते त्याच्यावर."

"मौलानाला फोन लाव."

मौलाना जाबिरनं फोनवर दोनदा ऐकलं. मग म्हनाला, "चाची, एका शब्दाच्या जागी एकच... हितं दोन हायत, ओढवून आन घेतलं."

"मौलाना, तुमच्या इक्तसबतमधी जास्तीचा 'ते' हाय. माझ्या मराठीत जास्तीचं घेतलं हाय. हिशोब मिटला."

पलीकडं मौलाना मोठ्यानं हासला आन "मंजूर" म्हनला.

आता ऱ्हायली सही. घरच्या मानसाची सही असल्याबिगर संगमेश मशीन लावत न्हाई. त्येच्या आजोबाच्या टायमाला कुनाचं तरी नाव उलटं छापलं गेलं हुतं, तवापास्नं त्यो नेम. मलनबीनं सूपाखालचं प्रूफ काढलं आन उर्दूत, एक एक अक्षर ठिवत, आपलं नाव लिवलं. 'मरहूमा'चा काना तिनंच पेनानं खोडला. मग संगमेशकडनं हाजीसाबांची दोन पानं वाचून घेतली, 'आधारस्तंभ' शब्द चार जागी हुता. ती तशीच ठिवली. मेल्यावर का हुईना, मास्तरांना खोली मिळाली म्हनायची, दोन पानांची.

चाळिसाव्याला मांडव घातला. पुरुष बाहेर, बाया आत. पाचशे पुस्तिका वाटल्या. मुज्जम्मिल चादर टाकून परत आला हुता आन पुस्तिकांचा गठ्ठा घिऊन पुढं पुढं करत हुता, "आमी छापून घेतल्या, आमी." आता ह्ये बी आठवंच बोट म्हनायचं. बाहेर हाजीसाबांनी माइकवर आपली दोन पानं वाचली, मग आयती वाचल्या, मग मराठी अर्थ. "जे ओढवून घेतलं ते त्याच्यावर," हाजीसाब जराबी न अडखळता वाचून गेले. कुनाला कायच येगळं वाटलं न्हाई. कुनी मान हालवली न्हाई. दालच्याचा वास सुटला हुता आन लोकांचं लक्ष पातेल्याकडं. पाचशे घरांत पाचशे पुस्तिका गेल्या, कपाटावर, देव्हाऱ्यासारख्या कोनाड्यात, पोरांच्या हातात. शंभर जनांनी बी उघडल्या नसतील. मास्तर असते तर म्हनले असते, वाचनाऱ्यांचं आपन काय करनार, छापनाऱ्यांनी बरोबर छापाय पायजे.

आत बायांमधी शेजारची रंभाबाई बसली हुती. तिनं पुस्तिका उघडली. ती पयलीपास्नं मराठी वाचनारी, बोट ठिवून वाचती. अरबीचं पान तिनं कपाळाला लावलं आन खालचं वाचाय लागली. त्या ओळीवर तिचं बोट थांबलं. परत वाचलं. मग मलनबीकडं सरकली.

"मलनबी, हे आदीच्या पुस्तकात असं न्हवतं गं. त्या वक्ताला आमच्या गल्लीतल्या मदिनाबीचं निघालं हुतं, त्यात कमावलं कमावलं हुतं."

"हुतं."

"मग ओढवून घेतलं म्हंजे... आपन मुद्दाम केल्यालं तेवडंच?"

"तेवडंच. मास्तर तसं म्हनायचे."

रंभाबाईनं बोट उचललं न्हाई. एकतीस वर्सं दोघींनी कवा नाव काढलं न्हवतं. रोज शेजारी बसून विड्या वळल्या, पत्ती वाटून घेतली, आन नाव काढलं न्हवतं. रंभाबाईनं आता हळूच, बाहेर लोकं जेवाय बसत हुते त्या गलक्यात, इचारलं.

"मग जैतूनचं?"

मलनबीनं पुस्तिका तिच्या हातातनं घेतली, मिटली आन परत तिच्या वटीत ठिवली.

"ते कुटं मी ओढवून घेतलं, रंभे," ती म्हनाली. "चल, जेव. गरम हाय तवर."